एक खोली, चार घड्याळे

मुंबई-ठाण्याकडच्या वन रूम किचनमध्ये झोपेची अडचण जागेपेक्षा वेळेची जास्त असते. दहा बाय बाराच्या खोलीत चार अंथरुणे दाटीवाटीने का होईना, बसतात. बसत नाहीत ती चार माणसांची घड्याळे. आजी साडेनवाला आडवी होते आणि चारला उठून बसते. बारावीची मुलगी साडेबारापर्यंत पुस्तकात असते. आईला पाणी भरायला आणि डबे करायला पाचला उठावेच लागते. वडील रात्रपाळी करून सव्वासातला घरी येतात, तेव्हा बाकीच्यांचा दिवस सुरू झालेला असतो. अशा घरात प्रत्येकाची झोप दुसऱ्याच्या जागेपणाला आपटते आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळेच चिडचिडे होतात.

शहराला हा प्रश्न नवा नाही. बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावात एकेका खोलीत अनेक कामगार राहत आणि झोपेची जागा पाळीप्रमाणे वाटली जाई. एकजण कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा होई. पण ते बहुतेक गावी बायको-मुले ठेवून आलेले पुरुष होते. खोली त्यांना झोपण्यापुरती लागे, स्वयंपाक अनेकदा खानावळीवर सोपवलेला असे. कुटुंबाच्या खोलीत झोपणे, शिकणे, डबा भरणे, पाहुणे बसवणे आणि टीव्ही बघणे हे सगळे एकाच फरशीवर चालते. त्यामुळे जागा वाटून भागत नाही. कोणाच्या झोपेचे कोणते तास राखायचे, हे आधी ठरवावे लागते आणि त्यासाठी रात्रीच्या झोपेची घडण थोडी माहीत असावी लागते.

झोप दोन गोष्टींवर चालते, अशी मांडणी झुरिकमधील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही वापरात आहे. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. माणूस जितका वेळ जागा राहतो तितका हा दाब चढत जातो आणि झोपेत उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. ते मेंदूत असते आणि मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून स्वतःची वेळ लावून घेते. दाब भरपूर चढलेला आणि घड्याळही रात्र दाखवत असेल, तर झोप गाढ आणि सलग लागते. रात्रपाळीच्या माणसाचा दाब सकाळी आठला भरपूर असतो, पण घड्याळ दिवस दाखवत असते. म्हणून तो पडल्या पडल्या झोपतो आणि चार-पाच तासांत टक्क जागा होतो. घरच्यांना वाटते, याची झोप झाली. झालेली नसते.

झोप सुरू झाली की साधारण दीड तासाची चक्रे एकामागून एक येतात, एका रात्रीत चार ते सहा. सगळी चक्रे सारखी नसतात. सर्वांत गाढ झोप पहिल्या दोन चक्रांत, म्हणजे पहिल्या तीनेक तासांत एकवटलेली असते. स्वप्नांची झोप शेवटच्या तासांत वाढते आणि तेव्हा एकंदर झोपही हलकी असते. छोट्या खोलीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की झोपलेल्या माणसाच्या पहिल्या तीन तासांत लहानसहान आवाज बऱ्याच अंशी खपून जातात, मात्र त्याला पूर्ण जागे केले तर नुकसान मोठे होते. शेवटच्या दोन तासांत उलटे घडते, चमचा वाजला तरी डोळा उघडतो. उशिरा झोपणाऱ्याचे हे हलके तास आणि पहाटे उठणाऱ्याच्या कामाची वेळ नेमकी एकावर एक येते. बहुतेक घरांतली भांडणे याच पहाटेच्या दोन तासांतली असतात.

वय हा यातला आणखी एक धागा. प्रौढाला सात तास किंवा थोडे अधिक, किशोरवयीन मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. किशोरवयात अंतर्गत घड्याळच एक-दोन तास पुढे सरकते, उतारवयात ते अलीकडे येते आणि झोप हलकी होते. नात रात्री बाराला ताजीतवानी असते आणि आजी पहाटे चारला, यात दोघींपैकी कोणाचाही आळस किंवा हट्ट नसतो. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हा नियम सगळ्यांना सारखा लावायला गेल्यास नात अकरा ते साडेबारा अंधारात डोळे उघडे ठेवून पडते, आणि तेवढ्या वेळात अंथरुणावर जागे पडून राहायची सवय मात्र लागते.

आता आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक मर्यादा अशा होत्या: झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आत आणि एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. रस्त्याकडेच्या चाळीत किंवा रेल्वेलाइनजवळच्या इमारतीत हे आकडे पाळले जाणे कठीणच. तरी या दोन आकड्यांत जो भेद केला आहे तो उपयोगाचा आहे. सततचा एकसुरी आवाज आणि त्याच्यातून अचानक वर येणारा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि झोप मोडते ती दुसऱ्याने. पंखा रात्रभर घरघरतो, त्याने कोणी उठत नाही. तोच पंखा वीज गेल्यावर थांबला की घर जागे होते. मेंदू झोपेतही बदलाकडे लक्ष ठेवून असतो.

म्हणून पूर्ण शांततेचा आग्रह छोट्या घरात उलटा अंगावर येतो. खोली जितकी निःशब्द, तितकी कडी वाजलेली स्पष्ट ऐकू येते. पंख्याचा किंवा एक्झॉस्ट फॅनचा एकसारखा आवाज चालू असला की छोटे आवाज त्यात बुडतात. थंडीत पंखा नको असेल तर तो भिंतीकडे तोंड करून ठेवावा किंवा टेबलफॅन दूर कोपऱ्यात लावावा, वारा लागत नाही आणि आवाज मिळतो. मोबाइलवर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावणारेही आहेत. तो चालतो, फक्त मध्येच जाहिरात किंवा मेसेजचा सूर वाजणार नाही एवढे पाहावे.

अचानक आवाज कुठून येतात याची यादी घरोघर जवळपास सारखीच निघते. दाराची कडी, लोखंडी कपाटाचे दार, प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, स्टीलच्या डब्यांची झाकणे, मोरीतली बादली, कुकरची शिटी आणि अलार्म. यांतल्या बहुतेकांचा बंदोबस्त रात्री दहाच्या आत करता येतो. पहाटे बाहेर पडणाऱ्याचे कपडे, पाकीट, किल्ल्या आणि डब्याची पिशवी आदल्या रात्रीच खोलीबाहेर, स्वयंपाकघरात काढून ठेवली की कपाट उघडावे लागत नाही. बिजागऱ्यांत आणि कडीत दोन थेंब तेल सोडावे, दाराच्या चौकटीवर जिथे दार आपटते तिथे फोमची पट्टी चिकटवावी. ओट्यावर आणि मांडणीत जाड फडके अंथरले की भांडे ठेवल्याचा खणखणाट बराच मरतो. डाळ आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी फक्त फोडणी दिली, की शिट्या वाचतात. नळाखाली रिकामी बादली ठेवण्यापेक्षा नळाला नळी लावून ती बादलीच्या तळापर्यंत सोडली, तर पाणी भरताना आवाज जवळपास होत नाही. ही शेवटची युक्ती अगदी क्षुल्लक वाटते, पण पहाटे पाणी येणाऱ्या वस्त्यांत तिच्याइतका गुण दुसऱ्या कशाचा येत नाही.

अलार्मचे वेगळे सांगायला हवे. एका माणसासाठी वाजणारा अलार्म चौघांना उठवतो आणि स्नूझ दाबून दहा-दहा मिनिटांनी तीनदा वाजवला, तर चौघांना तीनदा उठवतो. ज्याला उठायचे त्याने मनगटावर थरथरणारा बँड लावावा, साधा बँडही हे काम करतो. तो नसेल तर फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीच्या अभ्र्यात सरकवावा. फरशीवर किंवा लोखंडी कॉटवर ठेवलेला फोन थरथरला की त्याची घरघर सगळ्या खोलीत पोचते. स्नूझ सामायिक खोलीत बंदच असावा.

माणसांचे बोलणे हा आवाजही साधा नाही. झोपेत मेंदू इतर शब्दांपेक्षा स्वतःच्या नावाला अधिक प्रतिसाद देतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. अंथरुणाशेजारी हलक्या आवाजात चाललेली चर्चा झोपलेल्याविषयी असेल, तर ती त्याला उठवते. बोलणे स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत न्यावे. फोनवर बोलायचे असेल तर जिन्यापर्यंत जाणे शेजाऱ्यांना त्रासाचे होते, पण मोरीचे दार लावून बोलणे बऱ्याच घरांत जमते.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात आणि ते नीट बसवले तर चांगला फरक पडतो. बहुतेकांना ते नीट बसवता येत नाहीत. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटू लागला की तो बसला. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा शोभेपुरता असतो. कान वाहत असेल, दुखत असेल तर बोळे घालू नयेत. घरात तान्हे मूल किंवा रात्री हाक मारणारा रुग्ण असेल, तर एका वेळी एकाच मोठ्या माणसाने बोळे घालावेत आणि दुसऱ्याने त्या रात्रीची जबाबदारी घ्यावी.

उजेडाचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही वेगळे आहेत. झोपलेल्याच्या पापण्यांतून थोडा प्रकाश आत जातो आणि झोप उथळ करतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या २०२२ च्या एका प्रयोगात खोलीतला दिवा रात्रभर चालू ठेवून झोपलेल्या निरोगी तरुणांचे हृदयाचे ठोके रात्री वाढलेले आणि सकाळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. एका रात्रीत. दुसरा परिणाम जाग्या माणसावर होतो. रात्री डोळ्यांवर पांढरा-निळसर उजेड पडला, की मेलॅटोनिन हे रात्रीची खूण देणारे संप्रेरक उशिरा सुटते आणि घड्याळ पुढे सरकते. ट्यूबलाइटखाली साडेबारापर्यंत वाचणाऱ्या मुलीला एकला झोप येत नाही, त्याचे एक कारण डोक्यावरची ट्यूब असते.

त्यामुळे रात्रीच्या उजेडाची जागा आणि रंग दोन्ही बदलावे. अभ्यासाचा दिवा पिवळसर असावा, डोळ्यांच्या पातळीखाली असावा आणि त्याची छत्री भिंतीकडे किंवा पुस्तकावर वळवलेली असावी. दिव्याकडे पाठ करून झोपण्याची सोय झोपणाऱ्याला असली की निम्मे काम होते. पूर्वी घरोघर लावला जाणारा झिरोचा बल्ब प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅटचा असे आणि अंधाऱ्या खोलीत तो बराच उजेड पाडी. आता एलईडीचा अर्ध्या वॅटचा दिवा मिळतो. तो छताला लावण्यापेक्षा मोरीच्या दाराशी, गुडघ्याच्या उंचीवर लावावा, म्हणजे उठणाऱ्याला वाट दिसते आणि झोपलेल्यांच्या चेहऱ्यावर पडत नाही. राउटर, चार्जर, सेटटॉप बॉक्स यांचे निळे ठिपके काळ्या इन्सुलेशन टेपने झाकता येतात.

अंथरुणाची जागा ठरवताना बहुतेक घरांत मानाचा विचार होतो, म्हणजे कॉट वडिलांची किंवा आजीची. झोपेच्या हिशेबाने नियम वेगळा आहे. सर्वांत उशिरा येणारा आणि सर्वांत लवकर उठणारा हे दोघे दाराजवळ, आणि ज्याची झोप सर्वांत हलकी तो दारापासून लांब, आतल्या कोपऱ्यात. कोणालाही दुसऱ्याला ओलांडून जावे लागू नये. एका गादीवर दोघे झोपत असतील तर एक कूस बदलतो आणि दुसऱ्याला जाणवते. त्याच जागेत दोन सुट्या गाद्या आणि दोन सुटी पांघरुणे घातल्यास हा त्रास संपतो. कॉटभोवती तारेवर गडद, दुहेरी कापडाचा पडदा लावला तर उजेड अडतो. आवाज मात्र पडद्याने फारसा अडत नाही, ही अपेक्षा ठेवून महागडे पडदे घेऊ नयेत. पडदा छतापासून वीतभर आणि फरशीपासून वीतभर मोकळा सोडावा. झोप लागण्यासाठी शरीराला उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि उजेड-आवाजासाठी सगळी दारे-खिडक्या लावून चार माणसे कोंडली की खोली तासाभरात उबते, हवाही जड होते. खिडकीची एक झडप उघडी आणि तिला डासांची जाळी, हा सौदा उजेडाच्या बाबतीत थोडा तोट्याचा असला तरी करावा.

आता वर सांगितलेले चौघांचे घर घेऊ आणि त्याचे वेळापत्रक मांडून पाहू. कागदावर चोवीस तासांची चार आडवी रेघ काढायची आणि प्रत्येकाच्या झोपेचे पहिले तीन तास गडद करायचे. आजीचे साडेनऊ ते साडेबारा, आईचे साडेदहा ते दीड, मुलीचे साडेबारा ते साडेतीन, वडिलांचे सकाळी आठ ते अकरा. हे कागदावर उतरले की दोन गोष्टी लगेच दिसतात. साडेबारा ते चार या वेळात तिघी एकत्र झोपलेल्या असतात, तिथे काही करावे लागत नाही. खरा संघर्ष तीनच ठिकाणी आहे: रात्री साडेनऊ ते साडेबारा, पहाटे चार ते साडेसात आणि सकाळी आठ ते एक.

पहिल्या टप्प्यात मुलीने अंथरूण दहाच्या आत घालून ठेवायचे आणि अभ्यास स्वयंपाकघरात हलवायचा. ओट्यासमोर फोल्डिंग टेबल, भिंतीकडे वळवलेला दिवा, मधल्या दाराला पडदा. खोलीतली ट्यूब साडेनऊला बंद होते, ती सकाळीच लागते. साडेबाराला ती येते तेव्हा अंथरूण तयार असते आणि पायाशी अर्ध्या वॅटचा दिवा असतो, त्यामुळे मोठा दिवा लावायचा प्रश्न येत नाही. टीव्ही साडेनऊनंतर नाही. याला घरात विरोध होतो तो मुख्यतः मालिकांमुळे, आणि तो मोडून काढण्यापेक्षा आईने कानात इअरफोन घालून फोनवर मालिका बघावी हे जास्त टिकते.

दुसऱ्या टप्प्यात आजी चारला उठते. तिने अंधारात पडून राहावे, हा उपाय चालत नाही, कारण तिचे घड्याळ खरोखर उठलेले असते. तिची जपमाळ, चष्मा, पाण्याचा तांब्या आणि शाल रात्रीच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवलेली असते. ती दाराशेजारी झोपते, त्यामुळे कोणाला ओलांडत नाही. पाचला आई उठते. नळी बादलीत, डाळ कालची, कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये. मिक्सर लावायचा तो साडेसातनंतर, मुलगी उठल्यावर. मुलीचे साडेपाच ते साडेसात हे तास हलक्या झोपेचे आहेत आणि सात तास पुरे करण्यासाठी तिला ते लागतात. खरे तर तिला आठ हवेत. उरलेली भरपाई दुपारी वीस मिनिटांच्या झोपेने अंशतः होते. त्याहून जास्त, पाऊण तास वगैरे झोपले तर माणूस गाढ झोपेतून उठतो आणि अर्धा तास सुन्न राहतो.

तिसरा टप्पा सर्वांत अवघड. वडील सव्वासातला येतात. घरच्यांना ते दिवसातून याच वेळी भेटतात, म्हणून चहा सगळ्यांबरोबर व्हावा, फक्त तो अर्ध्या तासात आटपावा आणि त्यांनी स्वतः चहाऐवजी दूध घ्यावे. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला पाच-एक तास लागतात. रात्रपाळीतला शेवटचा चहा म्हणूनच पहाटे दोन-अडीचच्या पुढे जाऊ नये. घरी येताना उन्हाचा गॉगल लावला तर सकाळचा उजेड घड्याळाला ‘दिवस झाला’ असे ठासून सांगत नाही. स्वतः दुचाकी चालवत येणाऱ्याने मात्र हे करू नये, पेंगत असताना डोळ्यांवर अंधारी ओढणे धोक्याचे आहे.

आठला ते आतल्या कोपऱ्यात झोपतात, पडदा ओढलेला, डोळ्यांवर मऊ सुती कापडाची घडी, कानात बोळे, पंखा चालू. मुलगी नऊला अभ्यासिकेत जाते. महाराष्ट्रातल्या शहरांत वाचनालयांच्या आणि नगरपालिकांच्या अभ्यासिका असतात आणि रात्रपाळीच्या घरांना त्यांचा दुहेरी फायदा होतो. आजी अकरापर्यंत देवळात किंवा शेजारी बसते. आईची कामे आवाजाप्रमाणे लावली जातात: निवडणे, चिरणे, इस्त्री दुपारपूर्वी, आणि धुणे-भांडी, मिक्सर, झाडलोट एकनंतर. दाराच्या बेलवर कागद चिकटवायचा किंवा तिचा बटणाजवळचा स्विच बंद ठेवायचा, कुरिअर आणि गॅसवाला यांना फोन नंबर आईचा द्यायचा. आठ ते एक असे पाच तास झाले, तर संध्याकाळी सहा ते साडेसात आणखी दीड तास. मिळून साडेसहा. आदर्श नाही, पण दिवसाची झोप यापुढे फार ताणली जात नाही, कारण शरीराचे तापमान आणि घड्याळ दोन्ही तिच्या विरोधात असतात. घरात दिवसभर आवाज बंद ठेवण्याचा नियम करण्यापेक्षा आठ ते एक एवढेच तास कडक ठेवणे शहाणपणाचे. दिवसभराचा नियम चौथ्या दिवशी मोडतो आणि मग पाच तासही राहत नाहीत.

यानंतर येतो सुट्टीचा दिवस आणि बऱ्याच रात्रपाळीवाल्यांचे तंत्र तिथेच कोलमडते. सुट्टीला ते घरच्यांसारखे अकराला झोपून सातला उठतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातात आणि आठवडाभर अर्धवट राहतात. यावर ब्रिटिश संशोधक मायनर्स आणि वॉटरहाऊस यांनी १९८१ मध्ये ‘नांगर झोप’ ही कल्पना प्रयोगातून मांडली. झोपेतले किमान चार तास रोज, सुट्टीच्या दिवशीही, एकाच वेळी पडले तर अंतर्गत घड्याळ हेलकावे खात नाही, उरलेले तास इकडेतिकडे झाले तरी चालते. या घरात कामाच्या दिवशी झोप आठ ते एक आहे. सुट्टीच्या रात्री वडील तीनला झोपले आणि दुपारी बाराला उठले, तर आठ ते बारा हे चार तास दोन्ही दिवशी सामाईक राहतात. दुपारी बारापासून रात्रीपर्यंतचा वेळ घरच्यांना मिळतो.

यातली अडचण लपवण्याजोगी नाही. रात्री साडेअकरा ते तीन तो माणूस करणार काय? साडेबारापर्यंत स्वयंपाकघरात मुलगी अभ्यास करत असते, तिथे बसता येते. पुढे अडीच तास अंधाऱ्या घरात मोबाइल घेऊन बसणे उरते. काहींना ते जमते, काहींना एकटेपणा येतो. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान एक-दीडपर्यंत जागावे आणि सकाळी दहापर्यंत झोपावे. नांगर दोन तासांवर येतो, पण अकरा ते सातपेक्षा तो बरा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर हे तंत्र फारसे उपयोगी पडत नाही. अंतर्गत घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, त्याला आठवड्यात आठ तास सरकवणे शक्य नसते. अशा वेळी मागण्यासारखी एक गोष्ट आहे: पाळ्या पुढच्या दिशेने बदलाव्यात, पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर रात्रपाळी. उलट क्रमापेक्षा शरीर हा क्रम सोपा सोसते, कारण झोप लांबवणे ती अलीकडे ओढण्यापेक्षा सोपे जाते.

झोप न येणाऱ्याला पुस्तकांतून एक नेहमीचा सल्ला मिळतो: वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा. ज्या घरात दुसरी खोलीच नाही तिथे हा सल्ला पाळायचा कसा, हे त्या पुस्तकांत नसते. सल्ल्यामागचा मुद्दा असा की अंथरुणाशी जागेपणाचे नाते जुळू नये. तो एका खोलीतही साधतो. गादीवरून उठून भिंतीला टेकून अंधारातच बसावे, शाल पांघरावी, फोन घेऊ नये, आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे. फरशीवर अंथरूण घालणाऱ्यांना इथे कॉटवाल्यांपेक्षा एक फायदा आहे. त्यांची गादी दिवसा गुंडाळून ठेवलेली असते. तिच्यावर बसून जेवण, अभ्यास, टीव्ही होत नाही. रात्री अंथरूण पसरले की शरीराला खूण मिळते. कॉटवर दिवसभर लोळणाऱ्या घरांत ही खूण राहत नाही.

एवढे करून झोप पुरते आहे का, हे तासांपेक्षा दिवसावरून ओळखावे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, जेव्हा माणूस सर्वांत तरतरीत असायला हवा, तेव्हा पेंग येत असेल तर झोप कमी पडते आहे. दुपारी जेवणानंतरची गुंगी तेवढी खात्रीची खूण नाही, ती पुरेशी झोप झालेल्यांनाही येते. अंथरुणाला पाठ लागताच पाच मिनिटांत झोप लागणे पुष्कळांना भाग्याचे वाटते. रोज असे होत असेल तर ते उधारीचे लक्षण असते. सुट्टीला दोन तासांहून जास्त उशिरापर्यंत झोप लांबत असेल तर तेही. दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाने झोपल्या-उठल्याची वेळ आणि रात्री किती वेळा व कशाने जाग आली, एवढे लिहिले तर दोषी आवाज नावानिशी सापडतो. पुष्कळदा तो ज्याच्यावर संशय असतो त्या माणसाचा नसतोच. जिन्यातला दिवा, वरच्या मजल्यावरची मोटर किंवा पाचला येणारा पेपरवाला निघतो.

काही बाबतींत घरगुती उपाय चालत नाहीत. घोरणे जोरात असेल, मध्येच काही सेकंद श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा आवाज येत असेल आणि तो माणूस दिवसा पेंगत असेल, तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो. एका खोलीत झोपणाऱ्यांना हे इतरांपेक्षा आधी लक्षात येते. त्याची तपासणी कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडून करून घ्यावी, घोरणाऱ्याला कुशीवर वळवून प्रश्न मिटवू नये. शांत, अंधारी खोली मिळूनही आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही आणि हे तीन महिने चालले आहे, असे असेल तर त्यालाही डॉक्टर लागतो. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, विशेषतः रात्री मोरीपर्यंत अंधारात चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी. त्या गोळ्यांनी तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.